फ्लॅट एकाला, सोने दुसऱ्याला: फरकाची रक्कम कशी काढावी?

वाचकाचे पत्र

आमची आई गेल्या वर्षी वारली. वडील तिच्या आधीच गेले होते. मृत्युपत्र नाही. आई शाळेत शिक्षिका होती आणि इंदिरानगरमधला फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून घेतला होता. त्याशिवाय तिचे सोने आणि बँकेतल्या मुदत ठेवी आहेत. आम्ही तीन भावंडे. दादा पुण्यात असतो, मी गंगापूर रोडला राहते आणि धाकटा भाऊ आईबरोबर त्याच फ्लॅटमध्ये राहत आला आहे. फ्लॅट त्याला हवा आहे आणि आमची ना नाही, पण तो म्हणतो की किंमत रेडी रेकनरच्या दराने धरा. ठेवींवर नॉमिनी दादा आहे, त्यामुळे ठेवी त्याच्याच असे वहिनीला वाटते. आईच्या आजारपणाचे बिल दादाने भरले. सोने मी घ्यावे असे सगळे म्हणतात, पण भाव कसा धरायचा यावर एकमत नाही, आणि लग्नात मला घातलेले दागिने माझ्या वाट्यातून वजा करा असेही निघाले आहे. धाकटा म्हणतो, "ताई, तू आधी हक्कसोड करून दे, पैसे मी सवडीने देतो." भांडण नको आहे. हिशोब कसा मांडावा?

एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, हिश्श्यांचा प्रश्न आधी मोकळा करू, कारण त्यात वाद घालण्यासारखे फारसे नाही. तुमचे कुटुंब हिंदू आहे असे मी पत्रावरून धरतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीची मिळकत प्रथम तिच्या मुलामुलींकडे आणि पतीकडे जाते. वडील हयात नसल्यामुळे तुम्ही तिघे समान वारस आहात आणि प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश आहे. फ्लॅटमध्ये राहत असल्याने धाकट्या भावाचा हिस्सा वाढत नाही आणि लग्न होऊन गेल्याने तुमचा कमी होत नाही.

नॉमिनीबद्दलचा वहिनींचा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. नॉमिनीच्या हाती रक्कम देऊन बँक आपल्या जबाबदारीतून सुटते, एवढाच नामनिर्देशनाचा अर्थ. ती रक्कम नॉमिनीने सर्व वारसांच्या वतीने स्वीकारायची असते. बँकेतील ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रामचंदर तलवार यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. म्हणजे ठेवी दादाच्या खात्यात जमा झाल्या तरी हिशोबात त्या तिघांच्याच राहतात.

तुमच्या लग्नातले दागिने हे तुमचे स्त्रीधन आहे. आईने हयातीत कोणाला काय दिले ते तिच्या पश्चात वाटणीच्या हिशोबात धरावे, असा नियम हिंदू उत्तराधिकार कायद्यात नाही. तिघांच्या संमतीने तसे करता येते, पण मग सगळ्यांचेच धरावे लागेल, म्हणजे दादाच्या शिक्षणाचा किंवा धाकट्याच्या लग्नाचा खर्चही त्यात आला. माझे मत विचाराल तर ते खाते उघडूच नये. त्यात कोणाचाही आकडा पुराव्याने सिद्ध होत नाही आणि आई आता खुलासा करू शकत नाही.

आता हिशोबाकडे येऊ. फ्लॅट, सोने आणि ठेवी यांची तीन वेगळी भांडणे करू नका. सगळे एका बेरजेत आणा, त्यातून आईची देणी वजा करा, उरलेल्या रकमेला तीनने भागा, आणि मग ज्याने जी वस्तू घेतली तिची किंमत त्याच्या वाट्यातून वळती करा. ज्याच्या हाती वाट्यापेक्षा जास्त आले तो फरकाची रक्कम देईल आणि ज्याच्या हाती कमी आले तो ती घेईल. पद्धत शाळेतल्या गणिताइतकी सोपी आहे. अवघड आहे ते बेरजेतील प्रत्येक आकडा खरा असणे, आणि सगळे आकडे एकाच दिवसाचे असणे. सोन्याचा भाव आईच्या निधनाच्या दिवसाचा आणि फ्लॅटची किंमत आजची, किंवा याच्या उलट, असे केले की कोणाचे तरी नकळत नुकसान होते. वाटणीचा कागद करण्याच्या जवळचा एक दिवस तिघांनी लेखी ठरवावा आणि सोने, फ्लॅट व ठेवींवरचे साचलेले व्याज हे सर्व त्याच दिवशीचे धरावे. त्यानंतर सोने चढले किंवा उतरले तर ते ज्याच्या वाट्याला गेले त्याचे नशीब.

फ्लॅटच्या किमतीवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण तुमच्या हिशोबातला मोठा पैसा तिथेच आहे. रेडी रेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक दरतक्ता. मुद्रांक शुल्क किती घ्यायचे हे ठरवण्यासाठी सरकार विभागवार दर काढते. त्या विभागातल्या सगळ्या इमारतींना साधारण एकच दर लागतो. तुमच्या फ्लॅटसमोर मोकळे मैदान आहे की बोळ, हे त्या दराला दिसत नाही. म्हणून तो बाजारभावापेक्षा कधी बराच कमी असतो, आणि जुन्या, पडझड झालेल्या इमारतीत कधी जास्तही असतो. भावंडांमधल्या वाटणीला त्याचा आधार घेण्याचे कारण नाही. फ्लॅटची किंमत एक लाखाने कमी धरली की तुमचे आणि दादाचे प्रत्येकी सुमारे ३३,३३३ रुपये जातात आणि फ्लॅट घेणाऱ्याचे सुमारे ६६,६६७ रुपये वाचतात, एवढे लक्षात ठेवले तर चर्चा नेमकी कशाबद्दल आहे हे सर्वांना कळेल.

दोन सरकारमान्य मूल्यांकनकारांकडून लेखी अहवाल घ्यावेत, आणि दोघांना कागद एकच द्यावेत: खरेदीखत, सूची क्रमांक दोन, घरपट्टीची पावती, इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला. अहवालात तीन गोष्टी तुम्ही स्वतः तपासा. पहिली म्हणजे क्षेत्रफळ. नाशिकमध्ये दलाल दर सांगतात तो बहुधा जिना, लिफ्ट, पॅसेज धरून येणाऱ्या विक्रीयोग्य क्षेत्रावर असतो आणि कागदावर लिहिलेले असते चटई क्षेत्र. समजा फ्लॅटचे चटई क्षेत्र ७२० चौरस फूट आणि विक्रीयोग्य क्षेत्र १,००० चौरस फूट आहे, आणि त्या गल्लीत विक्रीयोग्य क्षेत्राला फुटामागे ६,६०० रुपये दर चालू आहे. तर किंमत ६६ लाख होते. तोच दर चुकून ७२० फुटांना लावला की ४७ लाख ५२ हजार होते. दोन्ही आकडे प्रामाणिकपणे काढलेले असू शकतात, आणि असा घोळ मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिला आहे. दुसरी गोष्ट, फ्लॅट रिकामा ताब्यात मिळेल असे धरून किंमत काढलेली असावी. आत धाकटा भाऊ राहतो म्हणून किंमत उतरवली असेल तर त्याच्या राहण्याचा फायदा त्याला दोनदा मिळतो. तिसरी, तुलनेसाठी घेतलेले व्यवहार त्याच इमारतीतले किंवा शेजारचे आणि अलीकडचे असावेत. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन शोधता येते, ती स्वतः पाहावी, मात्र कागदावरची रक्कम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असू शकते हेही ध्यानात ठेवावे. २०२७ च्या सिंहस्थामुळे भाव चढणार आहेत, असे तुम्हाला कोणी तरी सांगेलच. उद्याच्या आशेला आज किंमत लावू नका. ठरलेल्या दिवशी तयार गिऱ्हाईक जे देईल तेच मूल्य.

दोन अहवालांत थोडा फरक असेल तर सरासरी घ्यावी, आणि फार असेल तर क्षेत्रफळ कोणते धरले ते आधी पाहावे. त्यानंतर एक साधी कसोटी लावा. जी किंमत धाकटा भाऊ सुचवतो, त्याच किमतीला तुम्ही किंवा दादा फ्लॅट घ्यायला तयार असाल तर तो द्यायला तयार आहे का, हे त्याला विचारा. जी किंमत घेणाऱ्यालाही चालते आणि देणाऱ्यालाही चालते, ती खरी. ४८ लाखांना तो स्वतः फ्लॅट सोडायला तयार नसेल, तर ४८ लाख ही किंमत नव्हे, हे त्याचे त्यालाच पटेल.

धाकट्याने आईची सेवा केली असेल आणि त्याची कदर करावी असे तुम्हा दोघांना वाटत असेल, तर ते अवश्य करा, पण उघडपणे करा. वाटणीच्या कागदात त्यासाठी स्वतंत्र रक्कम लिहा. फ्लॅटची किंमत दाबून ती कदर करू नका, कारण मग किती दिले हे कोणालाच कळत नाही आणि दहा वर्षांनी प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा असतो.

सोन्यात चूक वजनापासून सुरू होते. सर्व दागिने तिघांच्या उपस्थितीत एकाच काट्यावर तोलून घ्या, प्रत्येकाचा फोटो काढा आणि यादीवर तिघांनी सह्या करा. आईच्या किंवा आजीच्या वहीत वजन तोळ्यांत लिहिलेले असेल तर जपून वाचा. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा आणि आज बाजारात बोलला जाणारा तोळा १० ग्रॅमचा. काट्यावरचे वजन हे ढोबळ वजन असते. पाटल्यांत किंवा तोड्यांत भरलेली लाख, मंगळसूत्रातले काळे मणी, नथीचे मोती आणि हारातले खडे यांचे वजन वजा केले म्हणजे निव्वळ वजन निघते. त्यानंतर शुद्धता. हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ कॅरेट असे स्पष्ट कोरलेले असते, परंतु आईच्या काळातल्या बहुतेक दागिन्यांवर काहीच नसेल. सराफ बाजारातल्या ओळखीच्या पेढीत कसोटीवर घासून अंदाज मिळतो. वाटणीसाठी मात्र ग्राहकांचे दागिने शुल्क घेऊन तपासणाऱ्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रातला लेखी निकाल बरा. यंत्राने केलेली तपासणी वरच्या थराची असते, त्यामुळे जाड डाग लावून जोडलेल्या किंवा मुलामा दिलेल्या जुन्या दागिन्यांची एकाहून अधिक ठिकाणी तपासणी करून घ्यावी.

भाव धरताना शुद्ध सोन्याचा त्या दिवशीचा दर घ्या, वस्तू व सेवा कर सोडून. दुकानात नवा दागिना घेताना तीन टक्के कर आणि वर घडणावळ द्यावी लागते, पण तोच दागिना आपण विकायला गेलो तर यातले काहीच परत मिळत नाही. म्हणून घडणावळ वाटणीच्या किमतीत येत नाही, कितीही सुंदर काम असले तरी. उलट, दागिने मोडताना सराफ जी घट कापतो तीही इथे धरू नये, कारण तुम्ही ते मोडणार नसून वापरणार आहात.

उदाहरणाने पाहू. समजा काट्यावरचे एकूण वजन १७२ ग्रॅम आले, त्यात लाख, मणी आणि मोती १२ ग्रॅमचे निघाले आणि निव्वळ सोने १६० ग्रॅम राहिले. त्यातले १४० ग्रॅम २२ कॅरेट आणि २० ग्रॅम १८ कॅरेट आहे. १४० ला ०.९१६ ने गुणले तर १२८.२४, आणि २० ला ०.७५ ने गुणले तर १५, असे मिळून १४३.२४ ग्रॅम शुद्ध सोने होते. शुद्ध सोन्याचा दर, केवळ हिशोबासाठी, ग्रॅमला १२,००० रुपये धरला तर किंमत १७,१८,८८० होते, ती आपण १७,१९,००० धरू. आता कोणी म्हणाले की १७२ ग्रॅमला सरसकट २२ कॅरेटचा भाव लावा, तर आकडा १८ लाख ९० हजारांच्या पुढे जातो. सोने घेणार तुम्ही, त्यामुळे या १ लाख ७१ हजारांच्या फुगवट्यातले दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार रुपये, लाख, मणी, मोती आणि १८ कॅरेटला लावलेल्या जादा भावाच्या नावावर तुमच्या वाट्यातून जातील.

ठेवींचे मूल्य काढणे सोपे आहे. मुद्दल आणि ठरलेल्या दिवसापर्यंतचे व्याज, यांतून कापला गेलेला कर वजा करून जे उरते ते धरावे. ठेवीदाराच्या निधनामुळे मुदतीपूर्वी ठेव मोडली तर बँक त्यावर दंड लावत नाही. आईच्या निधनानंतर साचलेले व्याजही तिघांचे. याच काळात धाकट्याने फ्लॅटचा मासिक देखभाल खर्च भरला असेल तर तो राहण्याच्या मोबदल्यात समजावा, आणि त्याच्याकडून भाडेही मागू नये. दादाने भरलेले रुग्णालयाचे बिल हे आईचे देणे आहे, म्हणून ते बेरजेतून आधी वजा होते आणि दादाला पूर्ण परत मिळते. पावती मात्र हवी, आणि विमा कंपनीकडून काही भाग परत मिळाला असेल तर तो वगळून.

आता सगळे एकत्र मांडू. आकडे माझे आहेत, तुमचे खरे आकडे त्या जागी घाला. फ्लॅट ६६,००,०००, सोने १७,१९,००० आणि ठेवी व्याजासह २१,२१,००० धरल्या तर बेरीज १,०४,४०,००० होते. त्यातून दादाने भरलेले बिल २,४०,००० वजा केले की १,०२,००,००० उरतात आणि प्रत्येकाचा वाटा ३४,००,००० येतो. धाकट्याने ६६ लाखांचा फ्लॅट घेतला, म्हणजे त्याने ३२ लाख द्यायचे. दादाचे येणे वाटा अधिक बिल मिळून ३६,४०,०००. त्याने सर्व ठेवी घेतल्या की १५,१९,००० उरतात. तुम्ही १७,१९,००० चे सोने घेतले की तुमचे १६,८१,००० उरतात. या दोन रकमांची बेरीज बरोबर ३२ लाख येते, आणि तशी आली नाही तर कुठे तरी चूक आहे असे समजावे.

या मांडणीचा एक फायदा असा की तुम्ही आणि दादा आपापसात काहीही अदलाबदल केली तरी धाकट्याचा आकडा हलत नाही. समजा वहिनींना आईचा ३० ग्रॅमचा २२ कॅरेटचा गोफ हवा आहे. त्याची किंमत वरच्या दराने सुमारे ३,३०,००० होते, तेवढी रक्कम ठेवींतून तुमच्याकडे वळवली की झाले. ज्या एखाद-दोन वस्तूंना कोणीच किंमत लावू इच्छित नाही, त्या यादीबाहेर ठेवायलाही हरकत नाही, फक्त त्या कोणाकडे गेल्या ते लिहून ठेवा. आणि हेच गणित फ्लॅटची किंमत ४८ लाख धरून केले तर वाटा २८ लाखांवर येतो आणि धाकट्याला ३२ ऐवजी २० लाखच द्यावे लागतात. तुम्हा दोघांचे प्रत्येकी सहा लाख तिथे जातात.

धाकटा भाऊ आणखी एक मुद्दा काढेल आणि तो अगदीच गैर नाही: फ्लॅट कधी विकला तर त्यावर कर भरावा लागेल, तो आत्ताच वजा करा. वारशाने मिळालेली मिळकत विकताना आईची खरेदी किंमत हीच मूळ किंमत धरली जाते, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव, मुद्रांक शुल्कासाठीच्या त्या दिवशीच्या मूल्याच्या मर्यादेत, धरता येतो. नफ्यावरचा दीर्घ मुदतीचा कर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के आहे, आणि त्यापूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी हिशोब करून पाहण्याची मुभा आहे. म्हणजे फ्लॅटच्या किमतीत एक लपलेला कर आहे हे खरे. पण तो सोन्याच्या किमतीतही आहे, आणि ठेवींच्या मुद्दलात नाही. शिवाय धाकटा फ्लॅट विकणार नसून त्यात राहणार आहे, आणि पुढे विकून दुसरे घर घेतले तर त्याला सवलत मिळू शकते. म्हणून माझा सल्ला असा की कर कोणाचाच वजा करू नये, आणि करायचाच ठरला तर फ्लॅट आणि सोने दोन्हींना एकाच पद्धतीने करावा. न होणाऱ्या विक्रीची दलाली तर मुळीच वजा करू नये.

आता "आधी हक्कसोड" या प्रस्तावाकडे येतो, आणि इथे मी तुम्हाला स्पष्ट नको म्हणतो. वडिलोपार्जित मिळकतीच्या भावंडांमधील हक्कसोड पत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असते आणि वाटणीपत्राला मूल्याच्या प्रमाणात असते, म्हणून अनेक घरांत "विनामोबदला" असे लिहून हक्कसोड करतात आणि पैशांचे तोंडी ठरवतात. त्या कागदावर सही केली की तुमचा हक्क संपला, आणि १६ लाख ८१ हजार येणे आहे असे दाखवणारी एक ओळही तुमच्या हाती राहिली नाही. धाकटा आज प्रामाणिक आहे, तो राहीलही, पण उद्या त्याच्यावर कर्जाची वसुली आली किंवा त्याचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या वारसांपुढे तुम्ही काय ठेवाल? शिवाय आईने स्वतः घेतलेली मिळकत "वडिलोपार्जित" या व्याख्येत बसते का, असा प्रश्न निबंधकाच्या टेबलावर उपस्थित होऊ शकतो. त्यासाठी मसुदा सही करण्यापूर्वीच नाशिकच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दाखल करून शुल्क किती हे लेखी ठरवून घेता येते. तो खर्च आणि नोंदणी फी तिघांनी भरायची की फ्लॅट घेणाऱ्याने, हेही आधीच ठरवा.

योग्य कागद म्हणजे तिन्ही प्रकारची मिळकत एकत्र धरणारे एकच नोंदणीकृत वाटणीपत्र. त्यात मूल्यांकनाची तारीख, दोन्ही अहवालांचा उल्लेख, दागिन्यांची वजनासह यादी, ठेवींचे तपशील, दादाच्या बिलाची परतफेड आणि दोन्ही फरकाच्या रकमा वाटे सारखे करण्यासाठी दिल्या आहेत असे स्पष्ट शब्दांत लिहावे. "माझा हिस्सा अमुक रकमेस विकला" अशी भाषा येऊ देऊ नका. कौटुंबिक वाटणी हे हस्तांतरण नाही अशी भूमिका काही उच्च न्यायालयांनी घेतली आहे, पण कागद विक्रीचा दिसला तर तुम्हाला मिळालेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा प्रश्न उभा राहतो. वकिलाचा मसुदा नोंदणीपूर्वी सनदी लेखापालाला दाखवावा तो याचसाठी.

पैशांचा क्रम असा ठेवावा. धाकट्याला ३२ लाख एकदम जमणार नसतील तर, उदाहरणार्थ, २० लाखांचे धनाकर्ष नोंदणीच्या दिवशी सह दुय्यम निबंधक कार्यालयातच तुम्हा दोघांच्या हाती पडावेत आणि त्यांचे क्रमांक कागदात लिहिलेले असावेत. उरलेले १२ लाख अठरा महिन्यांत, ठरलेल्या व्याजाने द्यावेत. व्याज वार्षिक आठ टक्के ठरले तर पहिल्या वर्षाचे ९६ हजार होते, आणि बहुतेक भाऊ हा आकडा पाहून लवकर फेड करण्याचा विचार करतात. ती रक्कम पूर्ण फिटेपर्यंत फ्लॅटवर तुम्हा दोघांचा बोजा राहील आणि तोपर्यंत फ्लॅट विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही, असे कलम घाला. तो बँकेचे कर्ज काढून तुमचे पैसे देणार असेल, तर बँक तुमचा बोजा आपल्यामागे राहू देणार नाही. अशा वेळी हप्ते न ठेवता बँकेनेच संपूर्ण रक्कम नोंदणीच्या दिवशी थेट तुमच्या नावाने द्यावी. सर्व देवघेव बँकेतून व्हावी, रोखीत काहीही नको.

शेवटी फ्लॅटवर नाव लावण्याचे. इमारत गृहनिर्माण संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे वारसांनी केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या कागदावर संस्था भागपत्र नावावर करू शकते. नाशिकमध्ये पुष्कळ इमारती संस्था नसून अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र नोंदवलेल्या आहेत. तुमची तशी असेल तर भागपत्र नसतेच, आणि नोंदलेले वाटणीपत्र हाच धाकट्याच्या मालकीचा मुख्य कागद ठरतो. त्यानंतर महापालिकेच्या घरपट्टीवर, वीज मीटरवर आणि नगर भूमापन कार्यालयात नाव बदलावे लागते. हे अर्ज धाकट्याने करायचे आहेत. तुम्ही फक्त वाटणीपत्राची प्रमाणित प्रत, मूल्यांकनाचे अहवाल आणि दागिन्यांची सह्या असलेली यादी आपल्याकडे जपून ठेवा, कारण सोने कधी विकले किंवा आयकर खात्याने त्याचा उगम विचारला तर तीच लागतील.